‘आढळले’ म्हणजे ‘आहेत’ नव्हे

‘आमच्या अभ्यासात झुडपी माळावर लागवडीच्या रानापेक्षा जवळजवळ दुप्पट पक्षी आढळले.’

हे वाक्य, किंवा याचं सख्खं भावंड, मी दरवर्षी चार-पाच प्रोजेक्टांत तरी वाचतो. मी पक्षिगणना करतो, म्हणून मुलं प्रोजेक्ट ‘जरा नजरेखालून घाला’ म्हणून पाठवतात. मुखपृष्ठावर खंड्याचा फोटो असतो. आत तक्ता, मग पाय चार्ट, मग शॅनन निर्देशांक, आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष: माळावर पक्षी जास्त आहेत, लागवडीत कमी आहेत. तक्त्यात ‘आढळले’ लिहिलेलं असतं आणि निष्कर्षात त्याचं गुपचूप ‘आहेत’ झालेलं असतं. ही उडी कुठे मारली, हे लिहिणाऱ्यालाही कळलेलं नसतं. माझं भांडण या उडीशी आहे.

आणि भांडण मुलांशी नाही. पहाटे उठून काट्याकुट्यांत उभं राहणाऱ्या मुलांची मेहनत खरी असते. भांडण आहे त्या साच्याशी, जो वर्षानुवर्षं एका बॅचकडून दुसरीकडे पीडीएफमधून जातो: दोन जागा निवडा, फिरा, मोजा, निर्देशांक काढा, तुलना करा. या साच्यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नाही. जे पक्षी तिथे होते, त्यांतले किती तुम्हाला सापडले?

पॉइंट काउंट म्हणजे काय, ते आधी साध्या भाषेत सांगतो. एका ठरलेल्या जागी उभं राहायचं, ठरलेला वेळ थांबायचं, दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, मग पुढच्या जागी जायचं. फ्रान्समध्ये १९७०च्या सुमारास जंगलातल्या पक्ष्यांसाठी ही पद्धत नीट बांधली गेली. अमेरिकेत त्याआधीच, १९६६ पासून, रस्त्याकडेची मोठी गणना याच तत्त्वावर सुरू झाली होती: एका मार्गावर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर बरोबर ३ मिनिटं, आणि सुरुवात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. पद्धत इतकी सोपी आहे की कोणालाही वाटतं, यात चुकण्यासारखं काय आहे?

चुकण्यासारखं हे आहे की तक्त्यातला आकडा हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो. तिथे असलेले पक्षी, गुणिले ते सापडण्याची शक्यता. इंग्रजी पुस्तकांत या दुसऱ्या भागाला डिटेक्टेबिलिटी म्हणतात. दहा बुलबुलांपैकी सहा सापडत असतील तर तक्त्यात ६ येतात. दुसऱ्या जागी तितकेच दहा बुलबुल आहेत, पण पानांच्या आड असल्यामुळे तीनच सापडतात, तर तक्त्यात ३ येतात. तुम्ही म्हणता, दुप्पट फरक. बुलबुल म्हणतील, आम्ही दोन्हीकडे दहाच होतो.

हे कळायला सगळ्यात चांगला शिक्षक म्हणजे पावशा. मृगाच्या आसपास ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून रान डोक्यावर घेणारा हा पक्षी डिसेंबरात मात्र मौनव्रत धरल्यासारखा असतो. आपल्याकडे तो बहुतेक भागांत बारमाही राहतो. थंडीत तो ओरडत नाही, आणि करड्या, शिक्र्यासारख्या दिसणाऱ्या अंगाने झाडात गप्प बसतो, एवढंच. डिसेंबरातल्या गणनेत पावशा शून्य आणि जूनच्या गणनेत बारा, म्हणून ‘पावसाळ्यात पावशांची संख्या वाढते’ असं लिहिणारा प्रोजेक्ट पावशा मोजत नसतो, त्याचा घसा मोजत असतो. हे उदाहरण ऐकून सगळे हसतात. मग तीच मुलं माळ आणि लागवड यांची तुलना अगदी तशीच करतात, आणि तिथे कोणाला हसू येत नाही.

म्हणून एक खरी जागा घेऊ. पुण्याची वेताळ टेकडी. तिथे एकाच टेकडीवर दोन अगदी वेगळी रानं शेजारी-शेजारी आहेत. एक म्हणजे गवत आणि खुरट्या झुडपांचा उघडा माळ. दुसरं म्हणजे लागवडीचं, त्यात गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, दाट गर्दी. विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टसाठी याहून सोयीचं काय हवं? एकाच सकाळी दोन्हीकडे जाता येतं, आणि प्रश्नही जिवंत आहे: परदेशी झाडाची लागवड करून आपण टेकडी हिरवी केली, तेव्हा पक्ष्यांचं काय झालं?

आता समजा, दोन्ही रानांत सारख्याच संख्येने पॉइंट घेतले आणि फक्त लालबुड्या बुलबुल मोजला. हे आकडे मी समजुतीसाठी घेतो आहे, टेकडीवरचे नाहीत. माळावर एकूण ६४ बुलबुल, लागवडीत ३६. साच्यातला प्रोजेक्ट इथेच थांबतो आणि निष्कर्ष लिहितो.

पण समजा, मुलांनी मोजताना आणखी एकच गोष्ट केली होती. प्रत्येक बुलबुल किती लांब होता, ते तीन कड्यांत लिहिलं होतं: २५ मीटरच्या आत, २५ ते ५० मीटर, ५० ते १०० मीटर. माळावर या तीन कड्यांत मिळाले ८, २० आणि ३६. लागवडीत मिळाले ८, १६ आणि १२.

पहिल्या कड्याकडे बघा. आठ आणि आठ. पक्षी जवळ असतो, आड लपायला जागा कमी असते, तिथे दोन्ही रानं सारखी आहेत. सगळा फरक आपल्यापासून लांबच्या भागात तयार झाला आहे, जिथे माळावर नजर आणि आवाज मोकळे पोहोचतात आणि लागवडीत खोडापानांत अडकतात.

याची आणखी एक पडताळणी कागद-पेन्सिलने होते. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, म्हणून या तीन कड्यांची क्षेत्रफळं १ : ३ : १२ या प्रमाणात आहेत. पक्षी सगळीकडे सारखे पसरलेले असतील आणि आपल्याला प्रत्येक जण सापडत असेल, तर पहिल्या कड्यात ८ असताना दुसऱ्यात २४ आणि तिसऱ्यात ९६ यायला हवेत. माळावर तिसऱ्या कड्यात ९६ ऐवजी ३६ आले, लागवडीत १२. म्हणजे माळावरही आपल्याला बरंच काही सापडत नाही, आणि लागवडीत तर लांबचे जवळजवळ सगळेच निसटतात. ‘दुप्पट पक्षी’ हा निष्कर्ष होता. खरा निष्कर्ष असा की लागवडीत लांबचं दिसत-ऐकू येत नाही, आणि ते सांगायला प्रोजेक्टची गरज नव्हती.

या पहिल्या कड्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. आठ हा लहान आकडा आहे. शिवाय माणूस येऊन उभा राहिला की जवळचे पक्षी दूर सरकतात, त्यामुळे पहिलं कडं खोटंच रिकामं दिसू शकतं. पहिल्या कड्यात पक्षी संशयास्पद कमी आणि दुसऱ्यात भरपूर, असं वारंवार दिसलं तर समजावं की आपण त्यांना हुसकावतो आहोत. पण कडीच लिहिली नसती, तर हा संशय घ्यायलाही काही हाती राहिलं नसतं. अंतराच्या नोंदींवरून सापडण्याची शक्यता काढण्याच्या रीतीला डिस्टन्स सॅम्पलिंग म्हणतात, आणि तिचा पाया एवढाच आहे.

इथे मला नेहमीचं उत्तर मिळतं. ‘सर, चूक दोन्हीकडे सारखीच होते ना? मग तुलनेत ती कटून जाते.’ चूक दोन्हीकडे सारखी असती तर कटली असती, हे खरं. पण तुम्ही तुलनेसाठी दोन रानं निवडलीत तीच मुळी त्यांचा दाटपणा वेगळा आहे म्हणून. पक्ष्यांवर ज्या गोष्टीचा परिणाम शोधायचा, तीच गोष्ट तुमच्या डोळ्या-कानांवरही परिणाम करते. अशी चूक कटत नाही, ती उत्तराच्या आत जाऊन बसते.

दुसरं उत्तर जास्त धोक्याचं आहे: ‘मग पॉइंट वाढवू.’ पॉइंट वाढवल्याने चुकीचं उत्तर जास्त ठाम होतं, बरोबर होत नाही. माळावर ६० टक्के आणि लागवडीत ३० टक्के पक्षी सापडत असतील, तर दहा पॉइंट घ्या की हजार, दुप्पट फरक तसाच राहणार. हजार पॉइंटांना फक्त पी-व्हॅल्यू छान येईल.

आता वेळेकडे वळतो, कारण साचा इथे दुसऱ्यांदा फसवतो. बहुतेक प्रोजेक्टांत लिहिलेलं असतं, ‘सर्व निरीक्षणे सकाळी ७ ते १० या वेळेत घेतली.’ वाचायला शिस्तीचं वाटतं. पण पक्षी घड्याळ बघत नाहीत, उजेड बघतात. पुण्यात जानेवारीच्या मध्यावर सूर्य ७.१०च्या सुमारास उगवतो आणि मेच्या मध्यावर सहाला. म्हणजे सातला सुरू केलेली जानेवारीची गणना सूर्योदयाच्या आधी दहा मिनिटं सुरू होते, आणि मेची गणना सूर्योदयानंतर एका तासाने, जेव्हा गाण्याचा पहिला भर ओसरू लागलेला असतो. वेळ ‘सूर्योदयानंतर किती मिनिटांनी’ अशी लिहा. या एका सवयीला काही खर्च नाही.

त्याहून मोठा घोळ क्रमाचा. पायथ्याशी माळ आहे, म्हणून मुलं रोज आधी माळ करतात आणि मग वर लागवडीत जातात. माळाची गणना साडेसहाला, लागवडीची साडेआठला. दोन महिने रोज. आता फरक रानाचा की वेळेचा, हे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटून आल्या आहेत. वेताळ टेकडीवर यात आणखी एक भर पडते: फिरायला येणारी माणसं. रविवारी सात-आठच्या दरम्यान मुख्य वाटांवर इतकी वर्दळ असते की शिंप्याचा ‘टुविट टुविट’ गप्पांत बुडून जातो. तिथे त्या दिवशी शिंपी कमी नसतो, आपले कान भरलेले असतात. प्रत्येक गणनेत किती माणसं जवळून गेली, हा एक रकाना ठेवा आणि रविवार टाळा.

ऋतूचंही तसंच. गिरिपुष्प साधारण जानेवारी ते मार्चमध्ये पानं गाळतो आणि गुलाबी फुलांनी भरतो. तेव्हा त्याच्या रानात आरपार दिसतं. पावसाळ्यात तेच रान हिरवी भिंत होतं. माळाचं गवत सप्टेंबरात उंच आणि मेमध्ये नसल्यासारखं. म्हणजे लागवडीची फेब्रुवारी आणि ऑगस्ट यांची तुलनासुद्धा सरळ करता येत नाही, दुसऱ्या रानाचं तर सोडाच. प्रोजेक्ट मार्चमध्ये जमा करायचा असेल आणि हातात फक्त फेब्रुवारी असेल, तर प्रश्नही फेब्रुवारीचाच ठेवा. शीर्षकात ‘हिवाळ्याच्या अखेरीस’ लिहा. बारा महिन्यांचा निष्कर्ष तीन आठवड्यांच्या जिवावर काढू नका.

तिसरी गोष्ट, मोजणारा माणूस. कोणी किती मिनिटं, किती जणांनी मिळून मोजलं, याला मी कष्टाचा हिशोब म्हणेन. एका पॉइंटला एकटी मुलगी पाच मिनिटं उभी राहिली आणि दुसऱ्याला चौघं मित्र वीस मिनिटं गप्पा मारत उभे राहिले, तर ते दोन आकडे एका तक्त्यात शेजारी बसू शकत नाहीत. जास्त वेळ म्हणजे जास्त अचूक, हाही गैरसमज. वीस मिनिटांत कोतवाल, बुलबुल, वेडे राघू तुमच्या वर्तुळातून येत-जात राहतात. तुम्ही एका क्षणी तिथे असलेले पक्षी मोजत नाही, वीस मिनिटांची वाहतूक मोजता. पाच मिनिटं पुरतात. त्यातही पक्षी पहिल्यांदा कितव्या मिनिटाला सापडला ते लिहा. चौथ्या-पाचव्या मिनिटालाही नवेच पक्षी सापडत राहिले, तर पहिल्या तीन मिनिटांत बरेच निसटत होते हे तुमच्याच वहीतून कळतं. वरून सरळ उडून गेलेल्या घारी आणि पाकोळ्या वेगळ्या रकान्यात जाऊ द्या, त्या रानाच्या नव्हेत.

आणि माणसामाणसांतला फरक लाजण्यासारखा नाही, मोजण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या त्या रस्त्याकडेच्या गणनेत अभ्यासकांना दिसलं की नवा निरीक्षक पहिल्या वर्षी मार्गावर कमी पक्षी नोंदवतो. पुढच्या वर्षी कान सरावतात आणि ‘पक्षी वाढतात’. म्हणून तिथे विश्लेषणात निरीक्षक कोण आणि त्याचं पहिलं वर्ष आहे का, हेही धरतात. नॉर्थ कॅरोलायनात संशोधकांनी रानात स्पीकर लपवून ठरलेल्या अंतरांवरून पक्ष्यांचे आवाज वाजवले, म्हणजे खरं उत्तर आधीच माहीत होतं. तिथेही सरावलेल्या निरीक्षकांमध्ये आपापसांत फरक पडला, आणि नुसत्या आवाजावरून अंतर ओळखणं किती कच्चं असतं ते दिसलं. मग आपल्या टीवायच्या मुलांकडून ‘३७ मीटर’ अशी नोंद का मागायची? कडी पुरेत. सुरुवातीच्या दोन-तीन सकाळी फक्त सरावाला द्या: आवाज ऐकायचा, कडं सांगायचं, मग चालत जाऊन टेपने किंवा पावलांनी मोजायचं.

दोघं मोजणारे असाल आणि एकाने नेहमी माळ, दुसरीने नेहमी लागवड केली, तर तुमच्या निष्कर्षात रान कमी आणि त्या दोघांचे कान जास्त असतील. प्रत्येकाने दोन्ही रानांत सारख्या फेऱ्या करायच्या. एक जण मोजेल, दुसरा घड्याळ आणि वही सांभाळेल, आणि वहीवाल्याने ‘अरे तो बघ’ म्हणायचं नाही.

मग प्रोजेक्ट कसा बांधायचा? नुसती टीका करून मी मोकळा होणार नाही. नकाशावर २५० मीटरची जाळी टाका. तिचे जे छेदबिंदू माळात पडतील त्यांतले १२, आणि लागवडीत पडतील त्यांतले १२, चिठ्ठ्या टाकून निवडा. ५० मीटरचं वर्तुळ पूर्णपणे एकाच रानात बसलं पाहिजे, वाटेवर किंवा काठावर नको. जवळजवळचे पॉइंट घेतले तर एकच मोर तीन ठिकाणी मोजला जातो. मोराची केका तर त्याहूनही लांब जाते, म्हणून तो १०० मीटरच्या बाहेर असेल तर ‘बाहेर’ असंच लिहा. नकाशावर १२ बसत नसतील तर ८ घ्या आणि तसं सांगा. पाच पॉइंटांवर सहा वेळा जाऊन ‘३० पॉइंट’ लिहू नका. ते पाचच असतात.

एका सकाळी सहा पॉइंट होतात: तीन माळाचे, तीन लागवडीचे. पोहोचल्यावर एक मिनिट शांत उभं राहायचं, मग पाच मिनिटं मोजायचं, मग दहा-बारा मिनिटं चालायचं. दोन तासांच्या आत सगळं संपतं. चार सकाळींत सगळे २४ पॉइंट एकदा होतात. अशा तीन फेऱ्या, म्हणजे बारा सकाळी. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करायचा, तिसऱ्या फेरीत मधून सुरू करायचं. तिन्ही फेऱ्या चार-पाच आठवड्यांत आटोपायच्या, नाहीतर मधल्या काळात पक्षीच बदलतात. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर त्या दिवशी घरी झोपा.

तीन फेऱ्या का, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. एका पॉइंटवर सुभग पहिल्या फेरीत सापडला, दुसरीत नाही, तिसरीत सापडला. तुमच्या वहीत त्याची ओळ १, ०, १ अशी दिसेल. तो तिथे राहतो हे तुम्हाला पहिल्या आणि तिसऱ्या फेरीने सांगितलं. मग मधलं शून्य म्हणजे ‘नव्हता’ नाही, ‘सापडला नाही’. अशा ओळींमधून सापडण्याची शक्यताच मोजता येते. ती समजा एका फेरीत ४० टक्के निघाली, तर तिन्ही फेऱ्यांत निसटण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. शंभर जागी सुभग असेल तर तुम्हाला साधारण ७८ जागी मिळेल. लागवडीत हीच शक्यता २० टक्के असेल तर शंभरापैकी ४९ जागीच मिळेल. दोन्हीकडे सुभग सगळीकडे असूनही तक्त्यात ७८ विरुद्ध ४९ येईल. फेऱ्या केल्या असतील तर हा फरक कान-डोळ्यांचा आहे, हे वहीच सांगते. एकदाच गेला असाल तर कोणीच सांगू शकत नाही.

२००२ साली मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी हा विचार गणितात बसवला आणि आता तो `R` मधल्या `unmarked` पॅकेजमध्ये फुकट मिळतो. त्याची मुख्य ओळ इतकीच:

```r
occu(~ minutes + walkers ~ habitat, data = umf)
```

`umf` म्हणजे तुमची वही, सॉफ्टवेअरला कळेल अशी बांधलेली. पहिल्या `~` नंतर लिहायचं की सापडण्यावर कशाचा परिणाम झाला: सूर्योदयानंतरची मिनिटं, जवळून गेलेली माणसं. दुसऱ्या `~` नंतर लिहायचं की असण्यावर कशाचा परिणाम झाला: रान. साच्यातल्या प्रोजेक्टमध्ये हे दोन प्रश्न एकमेकांत कालवलेले असतात, इथे ते वेगळे मांडावेच लागतात. रानाचा दाटपणा दोन्हीकडे लिहून बघता येतो, आणि तो कुठे जास्त बोलतो ते दिसतं. मर्यादाही सांगतो. जो पक्षी २४ पैकी दोन-तीनच जागी सापडला, त्याच्याबद्दल हे मॉडेल भलतंसलतं उत्तर देईल, तो सोडून द्या. आणि ओळख चुकली असेल, साधा वटवट्या राखी वटवट्या म्हणून लिहिला असेल, तर गणित ती चूक दुरुस्त करत नाही. खात्री नसेल तिथे ‘वटवट्या’ एवढंच लिहा.

या सगळ्यात शून्याला मान आहे. आणि इथे माझा खरा राग आहे. एका महाविद्यालयात तोंडी परीक्षेला मी बसलो होतो. मुलीने प्रत्येक पॉइंट, प्रत्येक फेरी, शून्यांसकट मांडली होती. तिला सांगण्यात आलं, ‘हे रिकामे रकाने काढून टाक, तक्ता वाईट दिसतो.’ तिच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता. शून्य पुसलं की ‘गेलो होतो, सापडला नाही’ आणि ‘गेलोच नाही’ यांतला फरक पुसला जातो. मग राहते फक्त यादी, आणि यादीवर शॅनन निर्देशांक चढवला म्हणून ती अभ्यास होत नाही.

माझ्या विरोधात एक भक्कम मत आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. डग्लस जॉन्सन यांनी २००८ मध्ये साध्या गणनांची बाजू घेऊन लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सापडण्याची शक्यता काढणाऱ्या पद्धतींचीही स्वतःची गृहीतकं असतात, ती अनेकदा मोडतात, आणि त्यांच्या खटाटोपात पॉइंट कमी होतात. यात तथ्य आहे. तीच जागा, तोच ऋतू, तीच वेळ, तोच निरीक्षक, आणि वर्षानुवर्षांचा कल बघायचा असेल, तर शिस्तीने केलेली साधी मोजणी बरंच काही सांगते. पण विद्यार्थ्यांचा आवडता प्रश्न तो नसतोच. त्यांचा प्रश्न असतो या रानात जास्त की त्या रानात. आणि जिथे रानच डोळ्याकानांच्या आड येतं, तिथे साध्या मोजणीचा हा बचाव लागू होत नाही.

कोणी म्हणेल, बी.एस्सी.च्या प्रोजेक्टवर एवढी आगपाखड कशाला? कारण हे प्रोजेक्ट कपाटात राहत नाहीत. वेताळ टेकडीवरून रस्ता न्यावा की नाही, हा पुण्यातला जुना वाद आहे. अशा वादांत दोन्ही बाजू हाताला लागेल तो पक्ष्यांचा आकडा घेऊन उभ्या राहतात. प्रकल्पांच्या झटपट पर्यावरण अहवालांत पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते. म्हणजे पावशा गप्प असतानाच्या महिन्यांत गणना करून ‘पावशा आढळला नाही’ लिहिणं नियमात बसतं. पुढच्या पानावर त्याचं ‘पावशा नाही’ होतं, आणि त्या पानावर सही होते. ही उडी मारायची सवय तिथे अचानक लागत नाही. ती आपल्याकडे, पदवीच्या वर्गात, गुण देऊन लावली जाते.

म्हणून पुढच्या वेळी मला प्रोजेक्ट पाठवाल तेव्हा निर्देशांक नसला तरी चालेल. शून्यांसकट वही पाठवा, प्रत्येक नोंदीपुढे मिनिट, कडं आणि मोजणाऱ्याचं नाव असू द्या. आणि निष्कर्षाचं पहिलं वाक्य असं सुरू करा: ‘एप्रिल-मे महिन्यांत, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, आम्हा दोघांना...’